मराठी-इंग्रजी मिसळीचा मजकूर पुन्हा लिहिताना: आधी क्रियापद, मग नाम, शेवटी लिपी

आमच्या सोसायटीच्या सूचना लिहायचं काम गेली काही वर्षं माझ्याकडे आहे. खरं तर लिहायचं नाही, दुरुस्त करायचं. कमिटीतलं कोणीतरी घाईघाईत अर्धं मराठी, अर्धं इंग्रजी असं काहीतरी लिहून पाठवतं आणि वर म्हणतं, ‘जरा बघून घे, मग ग्रुपवर टाकू.’ वाचणारे दोन तऱ्हेचे. एक मराठी शाळेत शिकलेले, ज्यांना ‘लिफ्ट’ आणि ‘मेंटेनन्स’ कळतं पण ‘अनटिल फर्दर नोटीस’पाशी अडखळायला होतं. दुसरे इंग्रजी शाळेत शिकलेले. ते घरी फर्डं मराठी बोलतात, पण ‘अनुपलब्ध’ किंवा ‘एकोणसत्तर’ दिसलं की थांबतात.

असा मजकूर सुधारायला बसलं की बहुतेक जण एकच चूक करतात. इंग्रजी शब्दांखाली रेघ मारायची आणि एकेकाला मराठी प्रतिशब्द लावत सुटायचं. हाती येते ती सरकारी परिपत्रकाची भाषा, आणि ती दोघांनाही वाचवत नाही. इंग्रजी शब्द आहेत हे दुखणं नसतंच. ते चुकीच्या जागी शिरलेले असतात, हे दुखणं असतं. म्हणून कामाचा क्रम महत्त्वाचा.

उदाहरणाला एक खरी सूचना घेते. मुळात तिचे निम्मे शब्द रोमन लिपीत होते. इथे सगळी देवनागरीत उतरवली आहे.

> डिअर मेंबर्स, धिस इज टू इन्फॉर्म की संडेला आपल्या बिल्डिंगच्या ओव्हरहेड टँक्सचं क्लीनिंग व्हेंडरद्वारे केलं जाणार आहे, सो वॉटर सप्लाय पावणेअकरापासून अनटिल फर्दर नोटीस अव्हेलेबल नसेल. मेंबर्सना रिक्वेस्ट आहे की त्यांनी प्रायरली इनफ पाणी स्टोअर करून ठेवावं. ऑल्सो, ज्या मेंबर्सनी टँकर काँट्रिब्यूशन जे ₹३०० आहे ते अजून पे केलं नाहीये त्यांनी अ‍ॅट द अर्लिएस्ट करावं अँड स्क्रीनशॉट ग्रुपवर शेअर करावी. एनी क्वेरीज असल्यास कमिटीला अप्रोच करू शकता.

## तयारी: दोन वाचक पकडा

लेखणी उचलण्याआधी दोन माणसं ठरवा, नावानिशी. ‘ज्येष्ठ नागरिक’ आणि ‘तरुण वर्ग’ असं नाही. माझ्यासाठी ती दोघं म्हणजे खालच्या मजल्यावरच्या काकू आणि माझा कॉलेजात जाणारा भाचा. प्रत्येक शब्दापाशी या दोघांचे चेहरे डोळ्यांसमोर आणायचे आणि शेवटी त्यांच्याकडूनच मजकूर वाचून घ्यायचा. दहा मिनिटांचं काम आहे.

मूळ मजकूर वेगळ्या जागी ठेवा आणि कोऱ्या जागेवर लिहा. जुन्यातच खाडाखोड केली की जुन्या वाक्याची वळणं नव्यात राहतात.

थांबा: तुमच्याकडे मराठी अजिबात न समजणारे शेजारी असतील, तर ही पद्धत त्यांच्या कामाची नाही. त्यांच्यासाठी खाली वेगळी, पूर्ण इंग्रजी सूचना द्या. एक वाक्य मराठीत आणि पुढचं इंग्रजीत असं केलं तर दोघांनाही अर्धीच सूचना मिळते. सर्वसाधारण सभेची नोटीस, ठराव, थकबाकीचं पत्र असे कायदेशीर कागदही यातून वगळा. त्यांची भाषा ठरलेली असते.

## टप्पा १: इंग्रजी वाक्प्रचारामागे काय लपलंय ते बघा

पहिल्या वाचनात भाषेला हातच लावायचा नाही. फक्त माहिती काढायची: काय, कधी, किती, कोणी, कुणाला विचारायचं.

इथेच गंमत कळते. ‘अनटिल फर्दर नोटीस’ हा शब्दप्रयोग आला कारण पाणी किती वाजता सुरू होणार हे लिहिणाऱ्याला माहीतच नव्हतं. ‘अ‍ॅट द अर्लिएस्ट’ आलं कारण शेवटची तारीख ठरवलीच नव्हती. ‘इनफ पाणी’ म्हणजे किती तेही सांगितलेलं नाही. आयत्या इंग्रजी वाक्प्रचारांचा हा मोठा उपयोग: त्यांच्याआड न ठरवलेल्या गोष्टी झाकता येतात. त्यांचं भाषांतर करून ‘पुढील सूचनेपर्यंत’ आणि ‘लवकरात लवकर’ लिहिलं तर झाकण बदलतं, आतली पोकळी तशीच राहते.

ही सूचना पहिल्यांदा जशीच्या तशी गेली होती. काकू दुपारी खाली येऊन फलकासमोर उभ्या. म्हणाल्या, ‘अगं, ती पुढची नोटीस कधी लावणार आहेत?’ त्यांनी शब्दशः घेतलं होतं, आणि चूक त्यांची नव्हती.

मी सेक्रेटरींना फोन केला. टाक्या धुणाऱ्यांशी बोलून त्यांनी दुपारी चारची वेळ दिली, आणि पैशांसाठी गुरुवार ठरवला. दोन फोन झाले आणि निम्मी सूचना तिथेच सुधारली.

तपासणी: तुमच्या यादीत प्रत्येक ‘कधी’पुढे तारीख किंवा वेळ आहे का? नसेल तर पुढच्या टप्प्यावर जाऊ नका.

## टप्पा २: जोडशब्द आणि क्रियापदं मराठीत आणा

हा सगळ्यांत मोठा टप्पा. वाक्याचा सांगाडा दोन गोष्टींवर उभा असतो, वाक्यांना जोडणारे शब्द आणि क्रियापद. हे दोन मराठीत असले की आतमध्ये तीन-चार इंग्रजी नामं असली तरी वाक्य मराठी वाटतं. हे दोन इंग्रजीत असले, तर बाकी सगळं मराठी असूनही वाचणारा ठेचकाळतो.

आधी जोडशब्द: सो, बट, अँड, ऑल्सो, बिकॉज, बेसिकली, अ‍ॅक्च्युअली. हे सरळ काढा. त्यांच्या जागी त्यामुळे, पण, आणि, शिवाय, कारण. ‘बेसिकली’च्या जागी काहीच नको, बहुतेकदा ते वाक्य त्याच्याशिवाय बरं उभं राहतं. बोलताना आपण सगळेच ‘सो’ म्हणतो, मीही म्हणते. बोलण्यात आवाजाचा चढउतार तो शब्द सांभाळून घेतो. लिहिलेल्या वाक्यात देवनागरीतला ‘सो’ क्षणभर कसला शब्द आहे तेच कळत नाही. आणि ‘प्रायरली’ हा तर इंग्रजी माणसालाही ओळखीचा वाटणार नाही.

मग क्रियापदं. ‘स्टोअर करा’, ‘पे करा’, ‘वेट करा’, ‘डिसाइड केलं’. इथे प्रश्न एकच विचारायचा: घरात याच गोष्टीसाठी एका शब्दाचं मराठी क्रियापद आपण वापरतो का? वापरत असू तर तेच घ्यायचं. पाणी आपण स्टोअर करत नाही, भरून ठेवतो. कुणाची वेट करत नाही, थांबतो. याउलट स्कॅन करा, अपलोड करा, रिचार्ज करा, बुक करा हे राहू द्या. त्यांना घरातलं मराठी क्रियापद नाही, आणि काकूही ‘रिचार्ज संपला’ असंच म्हणतात.

यात एक फायदा लपलेला आहे. एका इंग्रजी क्रियापदाच्या जागी मराठीत बरीच असतात आणि ती जास्त नेमकी असतात. ‘शेअर करणे’ घ्या. खाऊ वाटतात, फोटो पाठवतात, ग्रुपवर टाकतात, मनातलं सांगतात. रिक्षा मात्र शेअरच करतात. ‘पे करणे’ही तसंच: माणसाला पैसे देतात, बिल भरतात, कर्ज फेडतात. योग्य क्रियापद सापडलं की शेजारचं एखादं नामही आपोआप गळतं. ‘काँट्रिब्यूशन पे करा’ऐवजी ‘टँकरचे पैसे भरा’ म्हटलं की काँट्रिब्यूशनची गरजच उरत नाही. म्हणूनच नामांच्या आधी क्रियापदं घ्यायची.

आता वाक्याच्या बांधणीकडे या. शब्द मराठी असूनही बांधणी इंग्रजी असू शकते, आणि ती ओळखायला अवघड. आपल्या सूचनेत अशा चार जागा आहेत.

‘व्हेंडरद्वारे केलं जाणार आहे’: ‘द्वारे’ दिसलं की सावध व्हा. घरी आपण ‘आईद्वारे पोळ्या केल्या गेल्या’ म्हणत नाही. ‘टाक्या साफ करायच्या आहेत’ एवढं पुरे. कोण करणार हे रहिवाशांना महत्त्वाचं नसेल तर कर्ता सांगूच नका.

‘काँट्रिब्यूशन जे ₹३०० आहे ते’: आधी नाम, मग त्याला लटकलेलं ‘जे’. मराठीत विशेषण नामाच्या आधी येतं. ‘टँकरचे ₹३००’. तसंच ‘मेसेज जो काल आला’ नको, ‘काल आलेला मेसेज’.

‘रिक्वेस्ट आहे की त्यांनी ठेवावं’: वाचणाऱ्याशीच बोलताय, मग ‘त्यांनी’ कोण? ‘भरून ठेवा.’ आज्ञार्थातलं ‘ठेवा’ उद्धट नाही, त्यात आदरार्थी अनेकवचन आहेच. फारच वाटलं तर एकदा ‘कृपया’ घाला. प्रत्येक वाक्यात मात्र नको.

‘अप्रोच करू शकता’: हे शकता-शकता प्रकरण थेट इंग्रजीतून आलंय. परवानगी द्यायची नाहीये, मार्ग सांगायचाय. ‘सेक्रेटरींना फोन करा.’

तपासणी: प्रत्येक वाक्यातली सगळी नामं बोटाने झाका. उरलेलं सगळं मराठी दिसलं पाहिजे.

## टप्पा ३: नामांची वाटणी

आता इंग्रजी नामं. प्रत्येक नामापाशी मी एकच कसोटी लावते: वॉचमनशी किंवा भाजीवाल्याशी बोलताना हा शब्द तोंडात येतो का?

लिफ्ट, पार्किंग, टँकर, ग्रुप, स्क्रीनशॉट, सेक्रेटरी, ओटीपी हे येतात. ठेवा. त्यांना भ्रमणध्वनीच्या चालीवर मराठी रूप द्यायला जाऊ नका. ‘उद्वाहन बंद आहे’ असा फलक वाचून भाचा लिफ्टचं बटण दाबत उभा राहील, आणि खरं सांगायचं तर काकूही.

संडे, वॉटर सप्लाय, ओव्हरहेड टँक, क्लीनिंग, क्वेरीज हे येत नाहीत, कारण त्या जागी रविवार, पाणी, गच्चीवरची टाकी, साफसफाई, अडचण हे शब्द घरोघरी वापरात आहेत. ते आणा.

मधले काही शब्द दोन्हीकडे चालतात. मेंबर की सभासद, कमिटी की समिती, नोटीस की सूचना. इथे बरोबर-चूक नाही, पण एक निवडून शेवटपर्यंत तोच वापरायचा. वरती ‘मेंबर’, खाली ‘सभासद’ असं लिहिलं तर कुणीतरी नक्की विचारेल, ‘भाडेकरू यात धरलेत का?’ मराठी शब्द निवडतानाही जपा. ‘वाहनतळ’ महापालिकेच्या फलकावर शोभतो, पण आपल्या इमारतीखालची जागा ‘पार्किंग’च.

इंग्रजी शाळेतल्या वाचकाला सोपं जावं म्हणून इंग्रजी शब्द वाढवावेत, ही समजूत या टप्प्यावर हमखास डोकं वर काढते. ती चुकीची आहे. भाच्याला ‘भरून ठेवा’, ‘गच्ची’, ‘अडचण’ हे सगळं कळतं, आजीच्या तोंडी ऐकलेलं असतं. तो अडतो तो ‘उपलब्ध’, ‘पूर्वसूचना’, ‘देय रक्कम’ अशा पुस्तकी शब्दांवर. काकू अडतात ‘प्रायरली’वर. दोघांनाही कळतं ते स्वयंपाकघरातलं मराठी, त्यात मिसळलेल्या लिफ्टसह आणि टँकरसह.

## टप्पा ४: सांधे तपासा

इंग्रजी नाम ठेवलं की त्याला मराठी लिंग, वचन आणि प्रत्यय लागतात. वाचणाऱ्याला खटकतं ते बहुधा या सांध्यापाशी.

लिंग. शब्दापुढे ‘आला, आली, आलं’ म्हणून बघा. मेसेज आला, लिंक आली, बिल आलं. ओटीपी आला, मीटिंग झाली, पेमेंट झालं. मूळ सूचनेत ‘स्क्रीनशॉट शेअर करावी’ होतं; लिहिणाऱ्याच्या मनात बहुधा ‘पावती’ होती. काही शब्दांवर घराघरांत मतभेद असतात. ‘मेल आला’ की ‘मेल आली’ यावर आमच्याकडे जेवणाच्या ताटावर वाद झालेत. तुमच्या घरी जे असेल ते घ्या, पण एका मजकुरात एकच.

वचन. ‘टँक्सचं’, ‘मेंबर्सना’, ‘मेसेजेसमध्ये’ यात इंग्रजी अनेकवचनावर मराठी प्रत्यय चढवलाय, म्हणजे एकाच शब्दावर दोन ओझी. इंग्रजीचं अनेकवचन बाजूला ठेवा आणि मराठीचं करा. व्यंजनान्त पुल्लिंगी नामाचं मराठीत अनेकवचन वेगळं होत नाही: एक दगड, दहा दगड असं म्हणतो तसंच एक मेसेज, दहा मेसेज. प्रत्यय लागला की मेंबरांना, ड्रायव्हरांना. ‘मेंबर्सना’ बोलण्यात सर्रास चालतं हे कबूल, लिहिताना मी ते टाळते. फाइलीसारखे स्त्रीलिंगी शब्द मराठी पद्धतीने सहज वळतात: एक फाइल, चार फायली.

सामान्यरूप. जुने रुळलेले शब्द वाकतात: बँकेत, कोर्टात, टेबलावर. नवे शब्द ताठ राहतात: लिफ्टमध्ये, अ‍ॅपमध्ये, ग्रुपवर, मीटिंगला. ‘लिफ्टेत’ लिहिलं तर हसू येईल, आणि ‘बँकमध्ये’ वाचलं की मला तरी दाताखाली खडा आल्यासारखं होतं. शब्द वाकत नसेल तर त्याला ‘त’ लावायचा नाही, मध्ये, वर, ला, ने हे प्रत्यय लावायचे. ते ताठ शब्दालाही बसतात.

प्रत्यय शब्दाला चिकटूनच लिहायचा. ‘ग्रुप वर’ असं तोडलं तर ‘वर’ म्हणजे वरच्या मजल्यावर असंही वाचता येतं.

## टप्पा ५: लिपी, आकडे, वेळ

सगळा मजकूर एकाच लिपीत ठेवा, म्हणजे देवनागरीत. ओळीच्या मध्ये लिपी बदलली की डोळा थांबतो, आणि प्रत्यय कुठे जोडायचा हा नवा प्रश्न उभा राहतो. ओटीपी, यूपीआय, सीसीटीव्ही ही आद्याक्षरंही देवनागरीत निवांत वाचता येतात.

अपवाद फक्त एक, पण पक्का: पडद्यावर जे शोधून दाबायचं आहे ते जसं दिसतं तसंच लिहा. बटणावर `Pay Dues` असेल तर ‘पे ड्यूज’ नको आणि ‘थकबाकी भरा’ही नको. वाचणारा अक्षरांचा आकार जुळवून बटण शोधत असतो, अर्थ लावून नव्हे. इंग्रजी कमी येणाऱ्याला तर याचाच आधार.

शुद्धलेखनात फाइल-फाईल, ऑनलाइन-ऑनलाईन यांपैकी एक रूप ठरवा. ‘ऑफिस’मधला अर्धचंद्र विसरू नका. ‘बॉल’ आणि ‘बाल’ यांत तेवढाच फरक आहे.

आकड्यांनी मात्र आम्हाला एकदा चांगलाच धडा दिला. ‘पावणेअकरा’ म्हणजे सव्वाअकरा असं भाच्याने धरलं, आणि अकराला अंगाला साबण लावून बसला. दीड, अडीच आणि साडे सगळ्यांना कळतात, पण पावणे आणि सव्वा यांत इंग्रजी शाळेतल्यांची गल्लत होते. एकोणतीस, एकोणसत्तर, एकोणऐंशी हे तर त्यांचे जुने वैरी. म्हणून वेळ आणि रक्कम नेहमी आकड्यांत: १०.४५, ₹६९. ‘एएम-पीएम’ऐवजी सकाळी, दुपारी, रात्री. ‘परवा’ कधीच नको, तो पुढचाही असतो आणि मागचाही. वार आणि तारीख दोन्ही द्या.

## टप्पा ६: मोठ्याने वाचून घ्या

आता त्या दोघांकडे जा. ‘कळलं का?’ असं विचारू नका, लोक हो म्हणतात. मोठ्याने वाचायला सांगा आणि तुम्ही गप्प बसा. जिथे वाचणारा अडखळतो, मागे जातो किंवा शब्द बदलून वाचतो, तिथे खूण करा. बदलून वाचलेला शब्द बहुधा तुमच्यापेक्षा चांगला असतो, तो उचला.

मग एकच प्रश्न: ‘आता तू काय करशील?’ उत्तरात वेळ आणि काम बरोबर आलं तर सूचना झाली.

माझ्या मसुद्यात ‘आदल्या रात्रीच पाणी भरून ठेवा’ होतं. भाचा थांबला. ‘आदल्या म्हणजे कुठल्या?’ तिथे ‘शनिवारी रात्री’ आलं. काकूंनी `Pay Dues` पर्यंत छान वाचलं आणि म्हणाल्या, ‘माझ्याकडे ते अ‍ॅपच नाही, मी काय करू?’ यात भाषेची चूक नव्हती, पण मोठ्याने वाचल्याशिवाय ती सापडली नसती. रोख पैशांचं वाक्य त्यातून आलं. दोन अडखळणी मिटवून जे गेलं ते असं:

> रविवार, ८ जून: सकाळी १०.४५ ते दुपारी ४ पाणी बंद
>
> नमस्कार. रविवारी गच्चीवरच्या टाक्या साफ करायच्या आहेत. त्यामुळे सकाळी १०.४५ ते दुपारी ४ नळाला पाणी येणार नाही. शनिवारी रात्रीच दिवसभराचं पाणी भरून ठेवा. पाणी सुरू झाल्यावर पहिली काही मिनिटं ते गढूळ येऊ शकतं; स्वच्छ येईपर्यंत पिण्यासाठी भरू नका.
>
> टँकरचे ₹३०० भरायचे राहिले असतील तर गुरुवार, ५ जूनपर्यंत भरा. अ‍ॅपमध्ये `Pay Dues` दाबा आणि पैसे भरल्यावर स्क्रीनशॉट ग्रुपवर टाका. अ‍ॅप नसेल तर सेक्रेटरींकडे रोख द्या आणि पावती घ्या.
>
> काही अडचण असेल तर सेक्रेटरींना फोन करा.

मथळा मी सगळ्यांत शेवटी लिहिते, कारण निम्मे लोक तेवढंच वाचतात. आणि पाठवायचं बटण दाबण्याआधी कॅलेंडर उघडून वार आणि तारीख जुळतायत का ते बघते. एकदा ‘शनिवार’ लिहून रविवारची तारीख घातली होती, आणि दोन्ही दिवशी लोकांनी बादल्या भरल्या होत्या.